फोटो काढलेल्या सर्किटच्या पानावरून सुट्या भागांची यादी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला आमच्या घरी रविवारी सकाळी इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेली आठ-दहा मुले आणि दोन-तीन निवृत्त मंडळी जमतात. कोणीतरी जुन्या मासिकातल्या पानाचा मोबाइलने काढलेला फोटो आणतो, त्यावरून यादी करतो, जेल रोडवर जाऊन भाग घेतो आणि पुढच्या रविवारी न चालणारे सर्किट घेऊन येतो. दोष बहुतेक वेळा डागकामात नसतो, तो यादीत असतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवले आहे : LM317 हा व्होल्टेज रेग्युलेटर वापरून केलेला, १.२५ ते २० व्होल्टपर्यंत बदलता येणारा वीजपुरवठा. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात त्याची आकृती आहे, खाली भागांचा तक्ता आहे आणि शेजारी दोन परिच्छेदांचे वर्णन आहे.

आकृती आणि तक्ता दोन्ही छापलेले असताना केवळ तक्ता उतरवून घेतला तर काय बिघडते?

तक्ता आणि आकृती ही एकाच गोष्टीची दोन वेगळी टिपणे असतात, आणि त्यांतले प्रत्येक काहीतरी गाळते. आकृतीत प्रत्येक भाग एकेकटा दिसतो, म्हणून नग मोजायला ती भरवशाची असते. पण रेझिस्टर किती वॅटचा, कपॅसिटर किती व्होल्टचा, पोटेन्शिओमीटर कोणत्या प्रकारचा, हे तिच्यात सहसा लिहिलेले नसते. तक्त्यात हा तपशील असतो, पण तक्ता माणसाने आकृतीवरून हाताने केलेला असतो आणि त्यात एखादा भाग सुटणे अगदी नेहमीचे आहे. आपल्या उदाहरणात तक्त्यातील नगांची बेरीज सोळा होते आणि आकृतीत अठरा भाग आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या वाटेतला फ्यूज `F1` आणि स्विच `S1` तक्त्यात आलेलेच नाहीत. ज्याने नुसता तक्ता उतरवला, त्याचा वीजपुरवठा फ्यूजविना तयार होईल आणि चालेलही, म्हणून ही चूक लवकर लक्षातही येणार नाही.

फोटो कसा काढावा?

पान सपाट करून, मोबाइल पानाला समांतर धरून आणि उजेड एका बाजूने येईल असे बसून काढावा. गुळगुळीत कागदावर फ्लॅश मारल्यास मधोमध पांढरा डाग पडतो, आणि तो नेमका एखाद्या आकड्यावर बसतो. बांधीव अंकातले पान शिवणीजवळ वळते व तिथली अक्षरे दबून अरुंद दिसतात, म्हणून त्या बाजूवर पट्टी किंवा काच ठेवावी.

मुख्य प्रश्न मात्र बारकाव्याचा आहे, आणि तो गणिताने पाहिलेला बरा. ए-फोर पानाची लांबी २९७ मिलिमीटर असते. सुमारे ४००० पिक्सेल लांबीच्या फोटोत हे पान पूर्ण भरले, तर एका मिलिमीटरला साडेतेरा पिक्सेल मिळतात. दोन मिलिमीटर उंचीचे अक्षर मग सत्तावीस पिक्सेलचे होते आणि दशांशाचे ०.३ मिलिमीटरचे टिंब चार पिक्सेलचे होते, जे स्वच्छ दिसते. हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या दर्जात पाठवला की तो साधारण १६०० पिक्सेलवर येतो. अक्षर अकरा पिक्सेलचे राहते, आणि टिंब दीड पिक्सेलचे होऊन आजूबाजूच्या करड्या रंगात विरून जाते. अक्षरे वाचता येतात म्हणून फोटो चांगला आहे असे आपल्याला वाटते, पण टिंब तोवर गेलेले असते. म्हणून फोटो पाठवायचाच असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, आणि एक पूर्ण पानाचा फोटो घेतल्यावर आकृतीचा व तक्त्याचा जवळून वेगवेगळा फोटो जरूर घ्यावा.

आधी आकृती वाचावी की तक्ता?

आधी आकृती, आणि तीही तक्ता झाकून. तक्ता आधी वाचला की डोळा आकृतीत तेच शोधतो जे तक्त्यात आहे, आणि जे नाही त्यावरून सरळ घसरतो. माझा हा आग्रह काहींना जाचक वाटतो, पण दोन याद्या एकमेकींना न पाहता तयार झाल्या तरच त्यांची तुलना करण्यात अर्थ असतो.

आकृतीच्या फोटोची मोठी छापील प्रत काढावी. डावीकडून, म्हणजे वीज जिथून आत येते तिथून, सुरुवात करून प्रत्येक चिन्हावर रंगीत पेनाने बरोबरची खूण करावी आणि त्याच क्षणी त्याची ओळ वहीत लिहावी. खूण आधी आणि ओळ नंतर असे करू नये, कारण मध्येच फोन वाजतो. पान संपल्यावर खूण नसलेले एकही चिन्ह उरता कामा नये. त्यानंतर क्रमांकांतले खंड पाहावेत. `D1` ते `D4` आणि मग `D6` मिळाला, तर `D5` कुठेतरी नजरेतून सुटला आहे, किंवा `D5` हे नाव `DS` असे वाचले गेले आहे. आपल्या आकृतीत `D5` हा रेग्युलेटरच्या डोक्यावरून, आउटपुटकडून इनपुटकडे जाणारा संरक्षक डायोड आहे आणि त्याचे नाव तारेला इतके चिकटून छापले आहे की तो हमखास निसटतो.

तक्त्यासाठी ओसीआर वापरले तर चालेल का?

ओसीआर म्हणजे फोटोतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून देणारा कार्यक्रम. तक्ता लांब असेल तर टंकनाचे श्रम वाचतात, म्हणून चालेल. पण मिळालेला मजकूर हा कच्चा मसुदा समजावा. तक्त्याचा भाग कापून वेगळी प्रतिमा करावी आणि `tesseract` सारखा मोफत कार्यक्रम असा चालवावा :

```
tesseract takta.jpg yadi -l eng --psm 6
```

येथे `--psm 6` याचा अर्थ असा की संपूर्ण प्रतिमा हा एकसलग मजकुराचा ठोकळा समजावा. हे न सांगितल्यास कार्यक्रम कधी कधी डावा स्तंभ वेगळा आणि उजवा वेगळा वाचतो, मग `R1` सारख्या भागांच्या खुणा एकीकडे आणि त्यांच्या किमती, म्हणजे ओहम किंवा फॅरडमधले आकडे, दुसरीकडे पडतात. आकृतीवर मात्र ओसीआर चालवण्यात मला फारसा लाभ दिसलेला नाही. रेषांमध्ये विखुरलेली दोन-तीन अक्षरांची नावे त्याला नीट सापडत नाहीत, आणि रेझिस्टरची नागमोडी रेघ तो अक्षरे समजून वाचतो.

ओसीआरच्या चुका नेहमीच्याच असतात : `1` चा `I` किंवा `l`, `0` चा `O`, `5` चा `S`, `8` चा `B`, आणि `µ` चा `u` किंवा `p`. यातला शेवटचा घातक आहे, कारण मायक्रोफॅरडचा पिकोफॅरड झाला की किंमत दहा लाख पटींनी बदलते. पण सर्वांत फसवी चूक ओहमच्या चिन्हाची आहे, आणि ती पुढच्या प्रश्नात सविस्तर आली आहे.

`R1` यादीत 2400 आला आणि सर्किट चार व्होल्टच्या वर जाईना. हे कसे घडले?

ही आमच्या भाचीची गोष्ट आहे. तक्त्यात `240Ω` असे छापलेले होते. `Ω` हे चिन्ह इंग्रजी मजकुरासाठी घडवलेल्या ओसीआरला ओळखीचे नसल्यामुळे त्याने जवळचा आकार निवडला, म्हणजे शून्य, आणि `240Ω` चे `2400` झाले. तिने यादीत ते नीटनेटके करून `2.4k` लिहिले. दुकानात २.४ किलोओहमचा रेझिस्टर मिळालाही, आणि इथेच खरी मेख आहे. वाचलेली किंमत बाजारात मिळतच नसती, तर शंका आली असती. पण रेझिस्टर ज्या ठरावीक आकड्यांत बनतात त्या ई-२४ मालिकेत २४ हा आकडा आहे, त्यामुळे २४० ओहम आणि २.४ किलोओहम हे दोन्ही अस्सल भाग आहेत. मालिकेत बसते का, ही कसोटी एरवी उपयोगी पडते; `3.8k` असे वाचले गेले तर ते `3.9k` किंवा `3.3k` असणार हे कळते. येथे मात्र ती गप्प राहते.

गप्प राहत नाही ते गणित. LM317 आपल्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या टोकांमध्ये १.२५ व्होल्ट राखतो. `R1` त्या दोन टोकांमध्ये बसतो आणि `VR1` हा ५ किलोओहमचा पोटेन्शिओमीटर अ‍ॅडजस्टपासून जमिनीपर्यंत. अ‍ॅडजस्ट टोकातून वाहणारा अगदी लहान प्रवाह सोडून दिला, तर सूत्र असे होते :

```
Vout = 1.25 x (1 + VR1/R1)
1.25 x (1 + 5000/240)  = 27.3 V
1.25 x (1 + 5000/2400) = 3.85 V
```

पानाच्या मथळ्यात २० व्होल्टपर्यंत असे म्हटले आहे. पहिल्या ओळीतील २७.३ व्होल्ट प्रत्यक्षात मिळत नाहीत, कारण रेग्युलेटरच्या इनपुटलाच सुमारे २४ व्होल्ट असतात आणि त्याला स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्ट लागतात; पण २० व्होल्ट त्या मर्यादेत येतात. दुसऱ्या ओळीत मात्र पोटेन्शिओमीटर कितीही फिरवला तरी चार व्होल्टही मिळत नाहीत. म्हणजे `2400` हे वाचन मथळ्याशी विसंगत आहे आणि `240` सुसंगत आहे. हे सर्किट जोडण्याआधी, कागदावर, दोन मिनिटांत कळले असते.

भाची तेव्हा म्हणाली, "मामा, पण तक्त्यात तर तसंच लिहिलं होतं!" मी तिला मूळ पान दाखवले. ओसीआरचा मजकूर आणि छापील पान यांत तिने फरकच केला नव्हता, आणि तसा तो बहुतेकजण करत नाहीत. तेव्हापासून ओसीआरच्या मजकुरात शून्याने संपणाऱ्या प्रत्येक रेझिस्टरची किंमत आम्ही पानावर बोट ठेवून पुन्हा वाचतो. यादीत लिहितानाही `Ω` न लिहिता `240R` असे लिहितो, म्हणजे पुढे कोणी आमच्या यादीचा फोटो काढला तरी तीच चूक पुन्हा होणार नाही.

दशांश टिंब गेले आहे की मुळातच नव्हते, हे कसे ओळखावे?

टिंब पुसट झाल्यावर `2.2k` चे `22k` होते, आणि दोन्ही किमती सर्रास मिळतात. अशा वेळी त्याच ओळीतला दुसरा तपशील साक्ष देतो. आपल्या उदाहरणात `R2` हा इनपुटवरच्या लाल एलईडीचा रेझिस्टर आहे आणि त्याच्यापुढे अर्धा वॅट असे लिहिले आहे. एलईडीवरचे दोन व्होल्ट वजा करता रेझिस्टरवर सुमारे २२ व्होल्ट राहतात. किंमत २.२ किलोओहम धरली तर प्रवाह दहा मिलिअँपिअर आणि शक्ती ०.२२ वॅट येते. पाव वॅटचा रेझिस्टर इतक्या शक्तीला बराच तापला असता, म्हणून लेखकाने अर्धा वॅट लिहिला हे पटते. किंमत २२ किलोओहम असती तर शक्ती ०.०२२ वॅट झाली असती, आणि तिथे अर्धा वॅट लिहिण्याचे कोणालाच कारण नव्हते. म्हणजे टिंब होते.

कित्येक पानांवर ही अडचण येतच नाही, कारण तेथे `2k2` असे छापलेले असते. गुणकाचे अक्षरच टिंबाच्या जागी बसवायची ही रीत आयईसी ६००६२ या मानकात आहे, आणि ती अशाच पुसट प्रतींसाठी सोयीची आहे. आपली यादी याच रीतीने लिहावी : `2k2`, `4k7`, आणि कपॅसिटरसाठी `4n7`.

कपॅसिटरच्या किमती तीन प्रकारे लिहिलेल्या दिसतात. त्या वेगळ्या ओळी समजाव्यात का?

नाही. आकृतीत `104`, तक्त्यात `0.1µF` आणि वर्णनात `100n` असे छापलेले असेल, तर ती एकच किंमत आहे. तीन अंकी संकेतात पहिले दोन अंक किमतीचे आणि तिसरा पुढे किती शून्ये द्यायची ते सांगणारा असतो, व उत्तर पिकोफॅरडमध्ये येते. १० वर चार शून्ये म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. यादीसाठी यांतली कोणतीही एक रीत ठरवावी आणि सर्व ओळी तिच्यात आणाव्यात. जुन्या अंकांत `mfd` दिसते, त्याचा अर्थ मायक्रोफॅरडच आहे. त्यातल्या `m` ला मिली समजू नये.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या व्होल्टेजकडे मात्र किमतीपेक्षाही जास्त लक्ष द्यावे. `C1` पुढे `2200µF, 35V` असे आहे, आणि पुसट फोटोत `3` चा `2` वाचला जाऊन ते `25V` होऊ शकते. २५ व्होल्टचे कपॅसिटरही मुबलक मिळतात. तपासायचे ते असे : ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याचे १८ व्होल्ट हे आरएमएस मूल्य आहे, त्याचे शिखर १.४१४ पट म्हणजे सुमारे २५.५ व्होल्ट येते, आणि ब्रिजमधले दोन डायोड मिळून १.४ व्होल्ट खातात, म्हणून `C1` वर २४ व्होल्ट राहतात. ही २३० व्होल्टच्या मेनची गोष्ट झाली. रात्री मेन २५० पर्यंत गेली की हाच आकडा २६ च्या पुढे जातो, आणि भार नसताना ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा आणखी थोडे जास्तच देतो. २५ व्होल्टचा कपॅसिटर येथे टिकणार नाही. तो लगेच फुटेलच असे नाही. फुगेल, गरम होईल, आणि काही दिवसांनी खोलीत वास येईल.

एकाच भागाच्या दोन ओळी झाल्या. नग कसे धरावेत?

तक्त्यात डायोड दोन ओळींत आले आहेत : एकीत `D1-D4` आणि दुसरीत `D5, D6`, दोन्हींपुढे `1N4007`. ओसीआरने दुसऱ्या ओळीत `1` चा `I` केला, त्यामुळे स्प्रेडशीटमध्ये `1N4007` चे चार आणि `IN4007` चे दोन असे दोन गट पडले. `IN4007` असा वेगळा भाग नाही. दुकानातल्या डब्यांवरही लोक हौसेने `IN` लिहितात, त्यामुळे डोळ्याला ते खटकतही नाही. डायोडची ही नावे `1N` ने, म्हणजे एकच्या आकड्याने, सुरू होतात, हे एकदा ठरवून संपूर्ण स्तंभात बदल करावा आणि नंतरच बेरीज घ्यावी. उत्तर सहा.

गटाच्या खुणा मोजताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. `D1-D6` मध्ये शेवटच्यातून पहिला वजा करून एक मिळवायचा असतो. नुसते वजा केले की पाच येतात, आणि हा एक डायोड कमी आणण्याचा प्रकार मी मोठ्या माणसांकडूनही पाहिला आहे. दुसरे असे की पुसट छपाईत आडवी रेघ आणि स्वल्पविराम सारखेच दिसतात. `D1-D4` म्हणजे चार आणि `D1, D4` म्हणजे दोन. शंका आली की आकृतीत `D2` पाहावा. त्याच्यापुढे वेगळे नाव नसेल आणि तक्त्यात त्याची दुसरी ओळ नसेल, तर ती रेघच आहे.

आकृतीत चार त्रिकोण आहेत आणि तक्त्यात एकच आयसी. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. एका आवरणात अनेक विभाग असतात. `IC1a` आणि `IC1b` असे दोन त्रिकोण असतील आणि आयसी LM358 असेल, तर नग एकच, कारण त्यात दोन ऑपअँप असतात. LM324 मध्ये चार असतात. रिलेचेही तसेच आहे : कॉइल आकृतीच्या एका टोकाला आणि संपर्क दुसऱ्या टोकाला काढलेले असतात, पण वस्तू एक. म्हणून खुणेतला अंक मोजावा, अक्षर मोजू नये. आपल्या उदाहरणात हा प्रश्न येत नाही.

आकृती एक सांगते आणि तक्ता दुसरे, तेव्हा कोणाचे ऐकावे?

नगांबाबत आकृतीचे ऐकावे. वॅट, व्होल्ट आणि प्रकाराबाबत तक्त्याचे. किंमतच वेगळी असेल, उदाहरणार्थ आकृतीत `VR1` पुढे `5k` आणि तक्त्यात `50k`, तर कोणाचेही आंधळेपणाने ऐकू नये. वरच्याप्रमाणे हिशेब करावा आणि शेजारचे वर्णन वाचावे, कारण लेखक बहुधा तिथे "पोटेन्शिओमीटर पूर्ण फिरवल्यावर" अशा वाक्यात खरी किंमत सांगून जातो. पुढच्या एक-दोन अंकांत शुद्धिपत्र आले आहे का, तेही पाहावे. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर दोन्ही किमती यादीत लिहून ओळीपुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. प्रश्नचिन्ह असलेली यादी घेऊन दुकानात जाण्यात कमीपणा नाही. मनाने एक किंमत निवडून दुसरी पुसून टाकली, तर पुढे दोष शोधताना धागाच हाती राहत नाही.

पूर्ण झालेली यादी कशी दिसते?

आपल्या उदाहरणाची यादी अशी होते. `Source` या स्तंभात ती ओळ आकृतीतून आली, तक्त्यातून आली की दोन्हींत जुळली, हे लिहिले आहे.

```
Ref,Value,Rating,Qty,Source
R1,240R,0.25W,1,both
R2,2k2,0.5W,1,both
VR1,5k,linear,1,both
C1,2200u,35V,1,both
C2,100n,ceramic,1,both
C3,10u,35V,1,both
C4,100u,35V,1,both
D1-D6,1N4007,,6,both
LED1,red,5mm,1,both
IC1,LM317T,,1,both
X1,230V/18V,1A,1,both
S1,switch,230V,1,diagram
F1,fuse,?,1,diagram
```

नगांच्या स्तंभाची बेरीज अठरा येते आणि छापील प्रतीवरच्या पेनाच्या खुणाही अठरा आहेत. ही बेरीज जुळल्याशिवाय यादी पूर्ण झाली असे मानू नये. `F1` पुढे प्रश्नचिन्ह आहे, कारण आकृतीत त्याचा अँपिअर छापलेला नाही. तो ट्रान्सफॉर्मरवरून ठरवायचा आहे, यादी करणाऱ्याने वाचून काढायचा नाही. खुणांचा स्तंभ लिहिताना `D5, D6` असा स्वल्पविराम आला तर सीएसव्ही फाइलमध्ये पुढचे सर्व स्तंभ एक घर सरकतात, म्हणून गट रेघेने लिहावा किंवा ते घर अवतरणचिन्हांत ठेवावे.

आकृतीतही नाही आणि तक्त्याच्या मुख्य ओळींतही नाही, असे काही लागते का?

लागते. मेनची वायर, फ्यूजहोल्डर, नॉब, पीसीबी, आउटपुटची टर्मिनले आणि हीटसिंक. तक्त्याच्या शेवटी "इतर" अशी एक ओळ असते, ती फोटो कापताना हमखास बाहेर राहते. आपल्या तक्त्यात तिथे फक्त हीटसिंक आहे. त्याच्यासोबत अभ्रकाचा वॉशर आणि प्लॅस्टिकची बुशही घ्यावी, कारण LM317T ची धातूची पाठ आतून आउटपुटला जोडलेली असते. हीटसिंक धातूच्या पेटीला टेकली आणि पेटी जमिनीला जोडलेली असली, तर आउटपुट शॉर्ट होतो. हे भाग मुख्य यादीत मिसळू नयेत, खाली वेगळे लिहावेत, नाहीतर अठराचा ताळा जमत नाही.

दुकानदार म्हणतो, "दो सौ चालीस नहीं है, दो सौ बीस ले जाओ." घ्यावा का?

या जागी घ्यावा. २४० हा आकडा ई-२४ मालिकेतला आहे, आणि छोट्या दुकानांत बहुधा फक्त ई-१२ चे आकडे ठेवतात, ज्यात २२० आहे आणि २४० नाही. वरच्या सूत्रात २२० घातले तर कमाल आउटपुट २९.७ व्होल्ट निघतो, पण इनपुटच २४ व्होल्टचे असल्यामुळे प्रत्यक्षात वरची मर्यादा बदलत नाही. पोटेन्शिओमीटर थोडा आधीच टोकाला पोचल्यासारखा वाटतो, इतकेच. `R1` मधून वाहणारा प्रवाह ५.२ वरून ५.७ मिलिअँपिअर होतो, आणि LM317 ला किमान भार लागतो म्हणून हा बदल उलट सोयीचाच आहे. २४० ऐवजी २७० घेतला तर तोच प्रवाह ४.६ वर उतरतो, म्हणून निवड करायची झाली तर खालच्या बाजूला करावी.

मात्र यादीतल्या `240R` वर रेघ मारून `220R` लिहू नये. `Value` हा स्तंभ पानावर काय आहे ते सांगतो. प्रत्यक्ष काय आणले, ते शेजारी आणखी एक स्तंभ करून लिहावे. जास्तीचे नगही त्याच नव्या स्तंभात यावेत : डायोड सहा लागतात आणि आम्ही दहा आणतो, कारण डाग देताना एखादा उलटा बसतोच.